ड्युअलची किंमत प्रायमलशी जुळत नाही: समीकरणाचे बंधन आणि अनिर्बंध चल असताना जोडीचे नियम कोठे निसटतात

रेषीय प्रोग्रामिंगच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला दर वर्षी त्याच जागी भेटते. प्रायमलमधील सगळी बंधने एकाच दिशेच्या असमानता असतील आणि सगळे चल शून्य किंवा धन असतील, तर ड्युअल बिनचूक लिहिला जातो. त्यात एखादे `=` चिन्ह किंवा एखादा अनिर्बंध चल, म्हणजे धन, ऋण किंवा शून्य यांपैकी काहीही होऊ शकणारा चल आला, की सहगुणकांची उलटापालट बरोबर होते, उजव्या बाजू उद्दिष्टात नीट जातात, पण चिन्हे मात्र सवयीने पडतात. सगळीकडे `>=`, सगळीकडे `y >= 0`. मग दोन्ही प्रश्न सोडवल्यावर किमती जुळत नाहीत आणि विद्यार्थी आकडेमोडीत चूक शोधत बसतो, वास्तविक आकडेमोडीत चूक नसतेच.

याहून वाईट प्रकार म्हणजे किमती जुळतात आणि तरीही ड्युअल चुकीचा असतो. दोन्ही प्रकार एकाच उदाहरणात दाखवता येतात, म्हणून खालचा प्रश्न मुद्दाम त्या बेताने रचला आहे. आकडे सोयीचे आहेत, बाजारभाव म्हणून ते वाचू नयेत.

उदाहरण

डिचोलीत काजूगर भाजून विकणारा एक लहान उद्योग आहे असे धरू. त्याच्याकडे या आठवड्याला स्वतःचे सोललेले काजूगर ४० खोकी आहेत. त्यातून तो खारे काजू (`x1` खोकी) आणि मसाला काजू (`x2` खोकी) तयार करतो. मीठमसाला व पॅकिंगचा खर्च वजा जाता खाऱ्या काजूच्या खोक्यामागे १० हजार रुपये आणि मसाला काजूच्या खोक्यामागे ९ हजार रुपये हाती येतात. काजूगर कमी पडले तर तो बाजारातून ७ हजार रुपये खोके या दराने आणतो, आणि उरले तर त्याच दराने विकतो. ही निव्वळ खरेदी `x3` मानली, तर खरेदी असताना ती धन आणि विक्री असताना ऋण असेल. म्हणून `x3` अनिर्बंध आहे. काजूगर कोठेही हरवत नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशेब असमानतेने नव्हे तर समीकरणाने मांडावा लागतो. भट्टीचे ६० तास उपलब्ध आहेत. खाऱ्या काजूच्या खोक्याला २ तास लागतात, मसाला काजूला १ तास. कळंगुटच्या एका हॉटेलला खाऱ्या काजूची निदान १० खोकी द्यायचे कबूल केलेले आहे.

```
Max Z = 10x1 + 9x2 - 7x3
  x1 + x2 - x3  =  40     (y1)
 2x1 + x2       <= 60     (y2)
  x1            >= 10     (y3)
x1 >= 0, x2 >= 0, x3 unrestricted
```

या प्रायमलचे उत्तर हातानेच काढता येते. पहिल्या बंधनातून `x3 = x1 + x2 - 40` घेऊन उद्दिष्टात घातले की `Z = 3x1 + 2x2 + 280` उरते. भट्टीच्या प्रत्येक तासाला खारे काजू दीड हजार मिळवून देतात आणि मसाला काजू दोन हजार, म्हणून खारे काजू कबूल केले तेवढेच, म्हणजे `x1 = 10`, आणि उरलेले ४० तास मसाला काजूला, म्हणजे `x2 = 40`. त्यावरून `x3 = 10` आणि `Z = 390`. रक्कम हजारांत आहे.

सवयीने लिहिलेला ड्युअल

उत्तरपत्रिकेत बहुतेक वेळा दिसतो तो ड्युअल असा असतो.

```
Min W = 40y1 + 60y2 + 10y3
  y1 + 2y2 + y3 >= 10
  y1 +  y2      >=  9
 -y1            >= -7
y1, y2, y3 >= 0
```

याची किमान किंमत `y1 = 7, y2 = 2, y3 = 0` येथे ४०० येते. ३९० आणि ४०० यांत दहाचा फरक आहे. येथे विद्यार्थ्याला एवढे कळते की काहीतरी बिनसले आहे, पण या ड्युअलमध्ये तीन चुका आहेत आणि हा फरक त्यांपैकी एकाच चुकीचा आहे.

पहिली चूक `y3` च्या चिन्हाची. प्रायमल कमाल प्रश्नाचा आहे आणि तिसरे बंधन `>=` असे आहे, म्हणून `y3 <= 0` हवे. एवढी एकच दुरुस्ती करून पाहा. आता किमान किंमत `y1 = 7, y2 = 2, y3 = -1` येथे `280 + 120 - 10 = 390` येते. किमती जुळल्या, आणि बहुतेक जण येथे पेन खाली ठेवतात. ड्युअल मात्र अजून चुकलेलाच आहे, कारण `y1 >= 0` हे चिन्ह आणि `-y1 >= -7` हे बंधन, दोन्ही या प्रायमलचे नव्हेत.

हे उघडे पाडण्यासाठी एकच आकडा बदलायचा. स्वतःचे काजूगर ४० ऐवजी ७० खोकी आहेत असे धरा. भट्टीचे तास तेवढेच असल्याने `x1 = 10, x2 = 40` हेच सर्वोत्तम राहते, पण आता ५० खोकीच लागतात आणि २० खोकी बाजारात विकली जातात, म्हणजे `x3 = -20`. उत्पन्न `100 + 360 + 140 = 600`. अर्धवट दुरुस्त केलेला ड्युअल याच वेळी `y1 = 0, y2 = 9, y3 = -8` येथे `540 - 80 = 460` ही किंमत देतो.

हा ४६० चा आकडा ४०० पेक्षा अधिक बोलका आहे. कमाल प्रायमलच्या कोणत्याही व्यवहार्य उत्तराची किंमत ड्युअलच्या कोणत्याही व्यवहार्य उत्तराच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. येथे ६०० हजार मिळवून देणारे प्रत्यक्ष उत्पादन आपल्या हातात आहे आणि ड्युअल म्हणतो की ४६० च्या वर जाता येणार नाही. असे दिसले की आकडेमोड पुन्हा तपासण्याऐवजी थेट चिन्हांकडे जावे, कारण ड्युअल बरोबर असता तर त्याच्या कोणत्याही व्यवहार्य बिंदूला, किमान नसलेल्यालाही, ६०० च्या खाली जाता आले नसते.

चुकीचा ड्युअल उलटा वाचणे

वर्गात मला सर्वात उपयोगी वाटलेली तपासणी अशी आहे: चुकीचा ड्युअल निरर्थक नसतो, तो कुठल्यातरी दुसऱ्या प्रायमलचा बरोबर ड्युअल असतो. तो प्रायमल कोणता ते लिहून काढले की आपण प्रश्न कोठे चुकीचा वाचला ते समजते. यासाठी ड्युअलचा ड्युअल लिहायचा आणि मूळ प्रश्नाशी ओळीओळीने ताडून पाहायचा.

सवयीने लिहिलेल्या पहिल्या ड्युअलमध्ये `y3 >= 0` होते. ते `x1 <= 10` या बंधनाशी जोडलेले आहे. म्हणजे हॉटेलला निदान १० खोकी देण्याऐवजी जास्तीत जास्त १० देण्याचा तो प्रश्न होता. त्या प्रश्नात खारे काजू मुळीच न करता `x2 = 60` आणि `x3 = 20` घेणे सर्वात फायद्याचे आहे, आणि उत्पन्न `540 - 140 = 400` येते. आपल्याला आलेला ४०० हा आकडा तोच.

४६० देणारा ड्युअल उलटा वाचला, तर `y1 >= 0` मुळे पहिले बंधन `x1 + x2 - x3 <= 70` असे होते आणि तिसऱ्या स्तंभातील `-y1 >= -7` या असमानतेमुळे `x3 >= 0` होते. याचा अर्थ काजूगर विकता येत नाहीत, पण हवे तर ते तसेच पडू देता येतात. २० खोकी वाया जातात, प्रत्येकी ७ हजार, म्हणजे १४० हजार. ६०० आणि ४६० यांतील फरक नेमका तेवढाच आहे.

आता विद्यार्थी समीकरणाचा नियम आठवून `y1` ला अनिर्बंध करतो, पण `-y1 >= -7` ही असमानता मात्र तशीच ठेवतो असे समजा. या वेळी ड्युअलला खालची मर्यादाच राहत नाही. `y1 = t` आणि `y2 = 9 - t` घेतले, तर पहिले बंधन काठावर धरून `y3 = t - 8` मिळते, किंमत `460 + 20t` येते, आणि `t` ऋण दिशेने कितीही नेता येतो. उलटे वाचले की कारण दिसते: काजूगर विकायचे नाहीत, पण सगळी ७० खोकी भाजलीच पाहिजेत, आणि कबूल केलेली १० खोकी धरून ६० तासांत ५० पेक्षा जास्त खोकी होत नाहीत. तो प्रायमल अव्यवहार्य आहे, म्हणून त्याचा ड्युअल तळ नसलेला आहे. आधीच्या टप्प्यात `y1 >= 0` या चुकीने ही दुसरी चूक झाकून ठेवली होती. एक चूक सुधारल्यावर उत्तर आणखी बिघडलेले पाहून पुष्कळ विद्यार्थी सुधारलेली गोष्टच पुन्हा पूर्ववत करतात. तसे करू नये.

बरोबर ड्युअल असा आहे.

```
Min W = 70y1 + 60y2 + 10y3
  y1 + 2y2 + y3 >= 10
  y1 +  y2      >=  9
 -y1            = -7
y1 unrestricted, y2 >= 0, y3 <= 0
```

यात `y1 = 7, y2 = 2, y3 = -1` आणि `W = 490 + 120 - 10 = 600`. उजवी बाजू ४० असताना हेच `y` ३९० देतात.

जोड्या कशा पडतात

तक्ता पाठ करणाऱ्यांची गल्लत होते, कारण तक्त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाखाली एक छापलेल्या असतात. प्रायमलचे बंधन ड्युअलच्या चलाचे चिन्ह ठरवते आणि प्रायमलचा चल ड्युअलच्या बंधनाचे चिन्ह ठरवतो. बंधनावरून बंधन आणि चलावरून चल कधीच ठरत नाही. समीकरण दिसले की ड्युअलमध्येही समीकरण लिहिणे ही चूक येथूनच येते. समीकरणाची जोडी अनिर्बंध चलाशी आहे, आणि अनिर्बंध चलाची जोडी समीकरणाशी.

हे पाठ न करता दर वेळी दोन मिनिटांत पुन्हा मिळवता येते. ड्युअलचे काम एवढेच की प्रायमलच्या उत्पन्नावर वरून मर्यादा घालायची. त्यासाठी प्रत्येक बंधनाला एका संख्येने गुणून सगळ्यांची बेरीज करू. भट्टीचे बंधन `2x1 + x2 <= 60` असे आहे; त्याची दिशा टिकायची असेल तर `y2` ऋण असून चालणार नाही. हॉटेलचे बंधन `x1 >= 10` असे आहे. ते बाकीच्यांच्या दिशेला वळवायचे तर त्याला ऋण संख्येने किंवा शून्याने गुणले पाहिजे, म्हणून `y3 <= 0`. काजूगरांच्या हिशेबाचे समीकरण कोणत्याही संख्येने गुणले तरी समीकरणच राहते, म्हणून `y1` वर चिन्हाचे बंधन घालण्याचे काही कारणच नाही. बेरीज अशी येते.

```
(y1 + 2y2 + y3)x1 + (y1 + y2)x2 + (-y1)x3 <= 40y1 + 60y2 + 10y3
```

आता डावी बाजू `10x1 + 9x2 - 7x3` पेक्षा कधीही कमी होणार नाही याची खात्री हवी. `x1` ऋण होत नाही, म्हणून त्याचा सहगुणक १० किंवा त्याहून जास्त असला की पुरते. `x2` चेही तसेच. `x3` मात्र दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. त्याचा सहगुणक `-7` पेक्षा किंचित जास्त ठेवला तर `x3` मोठा ऋण झाल्यावर खात्री मोडते, किंचित कमी ठेवला तर मोठा धन झाल्यावर मोडते. दोन्ही बाजूंनी सुरक्षित राहायचे तर सहगुणक बरोबर `-7` असला पाहिजे. समीकरण येते ते येथून, आणि एखादा चल शून्य किंवा ऋणच असेल तर `<=` येते तेही याच विचाराने.

याचा व्यवहारातील अर्थ काजू उद्योग चालवणाऱ्याला तक्त्याशिवाय समजेल. `y1` म्हणजे जवळच्या काजूगरांच्या एका जास्तीच्या खोक्याचे त्याच्या दृष्टीने मोल. बाजारात त्याच दराने घेता आणि विकता येत असेल, तर हे मोल ७ हजारांपेक्षा कमी असू शकत नाही, कारण कमी असते तर त्याने ते विकले असते. जास्तही असू शकत नाही, कारण जास्त असते तर त्याने आणखी विकत घेतले असते. खरेदी आणि विक्रीचे दर वेगळे असतील, समजा घेताना ७ आणि विकताना साडेसहा, तर एक अनिर्बंध चल चालत नाही. खरेदी व विक्री असे दोन धन चल घ्यावे लागतात आणि ड्युअलमध्ये `6.5 <= y1 <= 7` अशा दोन असमानता येतात. अनिर्बंध चल लिहिण्यापूर्वी हे तपासलेले बरे, कारण पुष्कळदा ड्युअलमधील नव्हे तर मुळातील मांडणीच चुकलेली असते.

चल फोडून लिहिणाऱ्यांसाठी

काही जण `x3` च्या जागी दोन धन चलांची वजाबाकी घेतात आणि समीकरणाच्या जागी दोन असमानता लिहितात. ही रीत बरोबर आहे, फक्त ती अर्ध्यावर सोडू नये. `x3` फोडल्यावर ड्युअलमध्ये `-y1 >= -7` आणि `y1 >= 7` अशी दोन बंधने येतात, आणि ती एकत्र वाचली की `y1 = 7` होते. समीकरण फोडल्यावर दुसरी असमानता `>=` अशी येते. तिला उणे एकने गुणून `<=` करायचे विसरले, तर ड्युअलमधील दोन नवे चल वजाबाकीने येण्याऐवजी बेरजेने येतात आणि त्यांची बेरीज धनच राहते, म्हणजे पुन्हा `y1 >= 0` मागच्या दाराने आत येते. दोन्ही चल उद्दिष्टात आणि प्रत्येक बंधनात विरुद्ध चिन्हांनी, पण त्याच आकड्यांनी दिसले पाहिजेत. तसे दिसले नाहीत तर फोडणीत चूक आहे.

येथेच आणखी एक वाद मिटवावा. दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला `y1 = 7` आणि दुसऱ्याला `y1 = -7` येते आणि दोघेही आपलेच बरोबर म्हणतात. दोघेही बरोबर असू शकतात. पहिल्याने `x1 + x2 - x3 = 40` असे लिहिले असेल आणि दुसऱ्याने `x3 - x1 - x2 = -40`. समीकरणाला दिशा नसते, त्यामुळे त्याच्या चलाचे चिन्ह आपण समीकरण कोणत्या बाजूने लिहिले त्यावर अवलंबून असते. ताडून पाहायचे ते उद्दिष्टातील पद, आणि `40 × 7` व `(-40) × (-7)` यांत फरक नाही.

प्रायमल किमान प्रश्नाचा असेल तेव्हा

किमान प्रश्नात ड्युअल खालून मर्यादा घालतो, म्हणून `>=` बंधनाला धन चल आणि `<=` बंधनाला ऋण चल जोडला जातो, आणि धन चलाच्या वाट्याला `<=` बंधन येते. समीकरण व अनिर्बंध चल यांची जोडी मात्र बदलत नाही. म्हणून या दोघांपुरती तरी दिशा आठवण्याची गरज नसते. गरज असते ती त्यांच्याकडे दुर्लक्ष न करण्याची.

वाहतुकीच्या प्रश्नात हे दुर्लक्ष फार महागात पडते. म्हापशाच्या गोदामात ३० खोकी आणि फोंड्याच्या गोदामात २० खोकी आहेत. पणजीला २५ आणि मडगावला २५ पाठवायची आहेत. भाडे रुपयांत, खोक्यामागे, असे धरू.

```
             पणजी   मडगाव
म्हापसा        20      60      30
फोंडा         30      30      20
              25      25
```

पुरवठा आणि मागणी सारखी असल्याने चारही बंधने समीकरणे आहेत. सर्वोत्तम उत्तर म्हणजे म्हापशाहून पणजीला २५ व मडगावला ५, आणि फोंड्याहून मडगावला २०. खर्च `500 + 300 + 600 = 1400` रुपये. ड्युअलमध्ये गोदामांचे `u` आणि बाजारांचे `v` अनिर्बंध असतात, आणि प्रत्येक रस्त्यासाठी `u + v` हे भाड्यापेक्षा जास्त नसावे एवढेच बंधन असते. म्हापशाचा `u` शून्य धरला, तर पणजीचा `v` २०, मडगावचा ६० आणि फोंड्याचा `u` उणे ३० येतो. बेरीज `0 - 600 + 500 + 1500 = 1400`.

`MODI` रीतीने सोडवताना हा उणे ३० पाहून विद्यार्थी थबकतात आणि कधीकधी सुरुवातीचे शून्य दुसरीकडे ठेवून ऋण आकडा घालवायचा प्रयत्न करतात. सगळे `u` एका संख्येने वाढवून सगळे `v` तेवढ्यानेच कमी करता येतात हे खरे, कारण चारपैकी एक समीकरण उरलेल्या तिघांतून मिळते. पण येथे फोंड्याचा `u` ऋण राहू नये म्हणून ३० तरी वाढवावे लागतील, आणि तेवढे वाढवले की पणजीचा `v` उणे १० होतो. कोणत्याही मांडणीत एक तरी आकडा ऋण राहणारच.

तरीही हट्टाने `u, v >= 0` लिहिले तर ड्युअल १३५० वर थांबतो. तो उलटा वाचला की दिसते की आपण गोदामांतून निदान ३० व निदान २० खोकी उचलायची आणि बाजारांना निदान २५ व निदान २५ द्यायची परवानगी दिली. मग म्हापशाची सगळी ३० खोकी पणजीला आणि फोंड्याची २५ मडगावला नेली, की खर्च `600 + 750 = 1350`. पन्नास खोकी नेण्यापेक्षा पंचावन्न नेणे स्वस्त पडते. ऐकायला विचित्र वाटते, पण आकडे खरे आहेत, आणि ऋण `u` नेमके हेच सांगत होता: फोंड्याच्या गोदामात आणखी माल असता तर म्हापसा ते मडगाव हा महाग रस्ता टाळता आला असता. फक्त फोंड्यात २५ खोकी नाहीत, म्हणून तो आपला प्रश्न नव्हे.

संगणकावर पडताळताना

`scipy` मधील `linprog` किमान किंमत शोधते आणि `bounds` दिले नाहीत तर प्रत्येक चल धन किंवा शून्य आहे असे गृहीत धरते. म्हणजे कागदावर झालेली चूक येथे न सांगता पुन्हा होते. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्येही `Make Unconstrained Variables Non-Negative` या चौकटीवर आधीपासूनच खूण असते, ती काढून बाकीच्या चलांसाठी `>= 0` ही बंधने हाताने घालावी लागतात.

```python
from scipy.optimize import linprog
r = linprog([-10, -9, 7],
    A_ub=[[2, 1, 0], [-1, 0, 0]], b_ub=[60, -10],
    A_eq=[[1, 1, -1]], b_eq=[70],
    bounds=[(0, None), (0, None), (None, None)]
)
print(-r.fun, r.x)
print(r.eqlin.marginals, r.ineqlin.marginals)
```

पहिल्या ओळीत ६०० आणि `10, 40, -20` दिसायला हवेत. `bounds` ची ओळ काढली तर हाच प्रश्न अव्यवहार्य असल्याचे `r.message` मध्ये दिसते (तेव्हा `r.fun` ला किंमतच नसते, म्हणून `-r.fun` छापणारी ओळ त्रुटी देते; तिच्या जागी `print(r.message)` लिहावे आणि शेवटची ओळ वगळावी), आणि ते का ते वर पाहिलेच आहे. ४० खोकी असताना मात्र ती ओळ काढूनही उत्तर बदलत नाही, म्हणून पडताळणीसाठी असा आकडा निवडावा की अनिर्बंध चल प्रत्यक्षात ऋण होईल.

दुसऱ्या ओळीत `-7` आणि `-2, -1` येतात. येथे चिन्हे नीट वाचावी लागतात. आपण `-Z` किमान केला आहे, म्हणून समीकरणाच्या आणि भट्टीच्या आकड्याला उणे लावले की `y1 = 7` आणि `y2 = 2` मिळतात. हॉटेलचे बंधन आपण `-x1 <= -10` असे उलटे करून दिले होते, त्यामुळे तेथे उणे दोनदा लागते आणि `y3 = -1` असाच राहतो. त्याचा अर्थ, हॉटेलने एक खोके जास्त मागितले तर उत्पन्न हजार रुपयांनी घटेल. ते ताडूनही पाहता येते: `x1 = 11` घेतले की भट्टीचे ३८ तासच उरतात, `x2 = 38`, `x3 = -21`, आणि `110 + 342 + 147 = 599`.